न झालेल्या अपघाताची नोंद

मंडळी, आपल्याकडे झालेल्या अपघाताचा पंचनामा होतो, फोटो छापून येतात, चौकशी समिती बसते. जो अपघात होता होता राहिला, त्याचा मात्र कागदावर कुठेच पत्ता नसतो. उलट तो टाळण्यासाठी कुणी गाडी थांबवली असेल, तर त्याच्या नावापुढे 'उशीर' असा शेरा पडतो. आजचं लिखाण अशाच एका शेऱ्याबद्दल आहे. तो शेरा चुकीचा आहे असं माझं मत आहे, आणि का ते नीट समजावं म्हणून आधी थोडं चाकाबद्दल सांगावं लागेल. मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला, यंत्रं हा काही माझा विषय नव्हे. पण हे ज्याच्याकडून ऐकलं तो माझा जुना विद्यार्थी गेली बावीस वर्षं बस चालवतो आहे, आणि त्याने ते मला एखाद्या चांगल्या मास्तरासारखं समजावलं.

गोष्ट सप्टेंबर २०२४ मधली. तो तेव्हा एका खासगी मालकाच्या रातराणीवर होता, सोलापूर ते रत्नागिरी. रात्री साडेदहाला निघायचं, पहाटे साडेचारच्या सुमारास कोल्हापूर, तिथून मलकापूर, आंबा, मग घाट उतरून साखरपा आणि पुढे रत्नागिरी. गाडी मागच्या इंजिनाची होती, म्हणजे इंजिनाचा गोंगाट शेवटच्या सीटखाली आणि ड्रायव्हरच्या भोवती बऱ्यापैकी शांतता. पहाटे झोप येऊ नये म्हणून आपल्या बाजूची काच चार बोटं उघडी ठेवायची त्याची जुनी सवय. मलकापूर मागे टाकलं तेव्हा पावणेसहा वाजत आले होते. रस्त्यावर दुसरं वाहन नाही, आत सगळे झोपलेले, टेप बंद. आणि त्या उघड्या फटीतून त्याला एक आवाज आला. "सर, डास कानाशी यायच्या आधी लांबून ऐकू येतो ना, तसा," तो म्हणाला. "लई बारीक. क्लीनरला विचारलं तर तो म्हणाला, काय पण नाही."

आता इथे साधा माणूस काय करील? एकतर दुर्लक्ष करील, नाहीतर घाबरून जागीच ब्रेक दाबील. याने दोन्ही केलं नाही. आवाज कुठला हे त्याने गाडी चालवता चालवताच शोधून काढलं, आणि मला सगळ्यात शिकण्यासारखी वाटली ती ही रीत.

पहिला प्रश्न, आवाज इंजिनाचा की चाकाचा? सपाट, सरळ रस्त्यावर त्याने क्षणभर क्लच दाबला. इंजिनाचे फेरे खाली आले, पण बारीक आवाज जसाच्या तसा राहिला. म्हणजे इंजिन सुटलं. मग पाय ॲक्सिलरेटरवर ठेवून आणि काढून पाहिलं. मागच्या डिफरन्शियलचे दाते बोलत असतील, तर गाडी ओढताना आणि नुसती घरंगळताना आवाज बदलतो. हा बदलला नाही. गाडीचा वेग कमी केला तसा मात्र आवाजाचा सूर उतरला, वेग वाढवला तसा चढला. म्हणजे जे काही आहे ते चाकाबरोबर फिरतं आहे.

दुसरा प्रश्न, टायर की त्याच्या आतलं काही? टायरचा आवाज रस्त्याप्रमाणे बदलतो. नव्या गुळगुळीत डांबरावर एक, खरबरीत जुन्या डांबरावर दुसरा. दोन्ही प्रकारचे तुकडे पार झाले, आवाज तोच. आणि तिसरा प्रश्न, कोणतं चाक? याचं उत्तर वळणांनी दिलं. गाडी डावीकडे वळते तेव्हा तिचा भार उजव्या चाकांवर झुकतो. (बसमध्ये उभं राहून प्रवास केलेल्या प्रत्येकाला हे अंगाने ठाऊक आहे, डाव्या वळणावर आपण उजवीकडे कलंडतोच.) डाव्या वळणावर आवाज ठळक झाला, उजव्या वळणावर जवळजवळ गेला. म्हणजे उजवं पुढचं चाक, अगदी त्याच्या पायाखालचं. हे सगळं व्हायला सात-आठ मिनिटं लागली असतील, आणि एकाही प्रवाशाची झोप मोडली नाही.

आता त्या चाकात असतं काय ते सांगतो. बसचं पुढचं चाक ज्या लोखंडी तुंब्याला नटांनी आवळलेलं असतं, त्याला हब म्हणतात. हा हब ॲक्सलच्या जाड दांड्यावर दोन बेअरिंगांवर फिरतो, आतलं मोठं आणि बाहेरचं लहान. बेअरिंग म्हणजे एकात एक बसणाऱ्या दोन पोलादी कड्या आणि त्यांच्या मधे गोलाकार उभे केलेले रोलर. खडूचे तुकडे एका टोकाला जरासे निमुळते असतात ना, तसेच हे रोलर दिसतात. ते एकमेकांवर घासू नयेत म्हणून पत्र्याचा एक पिंजरा त्यांना अंतरावर धरून ठेवतो. सगळ्यात ग्रीस भरलेलं असतं आणि आतल्या तोंडाशी रबरी ओठ असलेलं एक सील, ग्रीस बाहेर जाऊ नये आणि पाणी आत येऊ नये म्हणून.

या व्यवस्थेचं काम किती आहे पाहा. बसच्या चाकाचा घेर साधारण सव्वातीन मीटर. ताशी साठ किलोमीटर म्हणजे मिनिटाला एक हजार मीटर, म्हणजे मिनिटाला सुमारे तीनशे फेरे, सेकंदाला पाच. आणि या प्रत्येक फेऱ्यात त्या चाकावर गाडीचा दोन-तीन टन भार. पोलादाच्या आणि पोलादाच्या मधे असतो तो फक्त ग्रीसमधल्या तेलाचा केसाहूनही कितीतरी पातळ थर. तो थर जोवर शाबूत, तोवर बेअरिंग लाखो किलोमीटर मुकाट फिरतं.

मग हे का बिघडलं? याचं उत्तर दोन महिने मागे आहे. जुलैच्या पावसात हीच गाडी एका ओढ्याच्या मोरीवरून गुडघाभर पाण्यातून गेली होती. तासन् तास धावलेला हब गरम असतो, त्याच्या आतली हवाही गरम. तो एकदम गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि जुन्या झालेल्या सीलच्या ओठातून पाणी आत ओढून घेते. पाणी ग्रीसमध्ये मिसळलं की ग्रीस दुधी होतं आणि तेलाचा तो पातळ थर तुटायला लागतो. कड्यांवर गंजाचे ठिपके धरतात. त्या ठिपक्यांवरून रोलर जाऊ लागले की पोलादाचा टवका उडतो, टवक्याचा खड्डा होतो आणि उडालेला कण पुढच्या रोलरखाली येऊन नवा खड्डा पाडतो. बाहेरच्या कडीवर एक खड्डा असला, तरी चाकाच्या एका फेऱ्यात सात-आठ रोलर त्याच्यावर आपटून जातात. सेकंदाला पाच फेरे, म्हणजे तीस-चाळीस ठोके. प्रत्येक ठोक्याला पोलाद बारीक झंकारतं. आपला कान ते ठोके वेगळे मोजू शकत नाही, त्याला एकच सलग कूंऽऽ ऐकू येतं. माझ्या विद्यार्थ्याने ऐकलेला डास तो हा.

पुढे हा डास भुंगा होतो, मग घरघर होते. घर्षणाने हब तापतो, ग्रीस पातळ होऊन गळतं आणि उरलेलं जळतं. पिंजरा तुटला की रोलर वाटेल तसे आडवे होतात. मग एकतर चाक जाम होतं, किंवा आतली कडी दांड्यावर चिकटून फिरायला लागते, दांडा कुरतडते, टोकाचा नट सैल करते आणि चाक हबसकट बाहेर पडतं. कधी या उष्णतेने टायरच पेट घेतो. बारीक आवाजापासून इथवर यायला किती किलोमीटर लागतील हे कुणीही सांगू शकत नाही. पाचशे लागतील, कदाचित वीसही पुरतील. आणि पुढे आंबा घाट होता. घाट उतरताना ब्रेकचे ड्रम तापतात. ड्रम हबलाच जोडलेला, म्हणजे ती सगळी उष्णता आधीच आजारी असलेल्या बेअरिंगात उतरणार. त्यात एक वळण डावं, एक उजवं, प्रत्येक डाव्या वळणाला सगळा भार त्याच चाकावर.

म्हणून त्याने आंबा गावात, घाट सुरू व्हायच्या आधी, रुंद सपाट जागा पाहून गाडी थांबवली. तीही ब्रेक कचकचून न मारता, गिअर उतरवत हळूहळू, कारण ब्रेकने ड्रम तापले असते तर पुढची परीक्षा फसली असती. उतरून त्याने हाताची पालथी बाजू आधी डाव्या हबजवळ नेली, मग उजव्या, स्पर्श न करता. (असा हब हात भाजण्याइतका तापलेला असू शकतो, हे त्याने मला दोनदा बजावलं.) डावा कोमट, उजव्याची धग बोटभर अंतरावरून लागत होती. फक्त ब्रेक अडकला असता तरी एक बाजू तापली असती; पण मग धग ड्रमच्या कडेला जास्त असती आणि गाडी चालताना ओढल्यासारखी वाटली असती. इथे धग मधोमध, टोपीशी होती. बॅटरीच्या उजेडात चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे ओघळ दिसले, मळकट दुधी रंगाचे. जळक्या ग्रीसचा वासही होता. यानंतर त्याला अधिक पुरावा नको होता. त्याने प्रवाशांना उठवलं आणि गाडी पुढे जाणार नाही असं सांगितलं.

सकाळी मलकापुराहून मिस्त्री आला. बाकीच्या चाकांना दगड लावून उजवं चाक जॅकवर उचललं. वर आणि खाली धरून हलवलं तर चाक खडखडलं, आणि हाताने फिरवताना आत रेती असावी तसं जाणवलं. उघडल्यावर आतल्या मोठ्या बेअरिंगच्या कडीवर बोटाच्या पेराएवढा पट्टा उखडलेला, दोन रोलरना निळसर झाक चढलेली आणि पिंजऱ्याला एका जागी तडा. दांडा मात्र स्वच्छ, चकचकीत. त्यामुळे दोन्ही बेअरिंगं कड्यांसकट आणि सील बदलून काम भागलं.

पण प्रवाशांनी तोवर बरंच काही ऐकवलं होतं. दुसरी गाडी यायला आठ वाजून गेले. एका मुलाची रत्नागिरीत दहाला मुलाखत होती, त्याचा जीव टांगणीला लागलेला. एका गृहस्थांनी चाकाकडे पाहून, "चालतंय की, घाट उतरून बघू या," असं सुचवलं. मालकाने फोनवर विचारलं, "चाक निखळलं का? नाही ना? मग?" महिन्याच्या हिशोबात त्या फेरीपुढे 'ड्रायव्हरने गाडी बंद ठेवली' अशी नोंद झाली आणि एका दिवसाचा पगार कापला गेला.

ते बेअरिंग तो जपून घरी घेऊन आला होता. माझ्या टेबलावर वर्तमानपत्रावर ठेवून त्याने मला हे सगळं दाखवलं. शेवटी म्हणाला, "सर, पुढच्या खेपेला आवाज आला तर मी थांबेन का, खरंच सांगता येत नाही."

मंडळी, या एका वाक्यासाठी मी हे लिहितो आहे. पगाराचे पैसे त्याने कसेही भरून काढले असते. पण बावीस वर्षांत तयार झालेल्या कानाला त्या मालकाने ऐकूनही न ऐकण्याचं शिक्षण दिलं, तेही एका दिवसाच्या पगारात. हे नुकसान कोणत्या वहीत मांडायचं?

मालकाची बाजू मला कळत नाही असं नाही. जुन्या गाडीत शंभर आवाज असतात. प्रत्येक आवाजाला ड्रायव्हर थांबू लागला तर कुणीच कुठे पोचणार नाही, आणि कंटाळा आला म्हणून 'आवाज आला' सांगणारेही निघतील. कानावर सर्वस्वी विसंबता येत नाही हेही खरं. काही बेअरिंगं फारसा आवाज न करताच जातात. पुढच्या इंजिनाच्या गाडीत असा बारीक सूर इंजिनाखाली बुडून जातो. वर्षानुवर्षं गोंगाटात बसून ड्रायव्हरच्या कानांचा वरचा सूर आधी जातो. आणि आता तर बंद काचा, एसी आणि वर व्हिडिओ. शिवाय आवाज ऐकू येतो तेव्हा बेअरिंग आधीच खराब झालेलं असतं, कान फक्त वेळ मिळवून देतो.

पण मग उपाय काय, कान बंद करणं? रेल्वेने हा प्रश्न फार पूर्वीच ओळखला. तिथेही ॲक्सल तापण्याचं भय असतं. म्हणून मोठ्या स्टेशनात गाडी शिरताना रुळाच्या कडेला कॅरेज विभागाची माणसं बसलेली असतात, चालत्या डब्यांची चाकं पाहत आणि ऐकत. धावत्या गाडीची धग मोजणारी यंत्रंही आता रुळालगत बसवलेली आहेत. तिथे ऐकणं ही नोकरी आहे, आणि एखादा डबा तापलेला सापडला तर तो गाडीतून काढतात, सांगणाऱ्याचा पगार कापत नाहीत. बसच्या बाबतीत हे सगळं काम एकट्या ड्रायव्हरवर आहे, आणि त्याचं नाव आपण 'काम' असं ठेवलेलंच नाही.

माझं म्हणणं थोडं आहे. ड्रायव्हरला दहा मिनिटं थांबून चारही कोपऱ्यांच्या हबची धग पाहण्याचा हक्क असावा, आणि त्या दहा मिनिटांचा जाब कुणी विचारू नये. दुरून तापमान दाखवणारं हातात मावेल एवढं साधन मिळतं, ते गाडीत ठेवावं, म्हणजे 'मला वाटलं' याच्या जागी आकडा येईल आणि मालकाची शंकाही मिटेल. एका बाजूचा हब दुसऱ्या बाजूपेक्षा स्पष्ट गरम निघाला तर गाडी घाटात जाणार नाही, हा नियम असावा, ड्रायव्हरची मर्जी नव्हे. आणि उघडल्यावर जे निघालं ते त्याच फेरीच्या नोंदीत लिहावं. 'गाडी बंद ठेवली' याच्यापुढे 'आतलं बेअरिंग उखडलेलं, पिंजऱ्याला तडा' एवढे शब्द असते, तर वाचणाऱ्याला सगळा अर्थ कळला असता. त्याच वहीत जुलैमध्ये 'गाडी पाण्यातून गेली' अशी ओळ असती आणि ती वाचून कुणी हब उघडून ग्रीस पाहिलं असतं, तर सप्टेंबरची पहाट उजाडलीच नसती.

राहता राहिलो आपण प्रवासी. आपल्यालाही एक करता येईल. पहाटे गाडी आडबाजूला उभी राहिली आणि ड्रायव्हर हातात बॅटरी घेऊन चाकाशी वाकलेला दिसला, तर 'काय झालं हो, किती वेळ?' याच्या आधी 'काय ऐकलंत?' असं विचारावं. तो सांगेल. त्या मुलाचं काय झालं, असं तुम्ही विचाराल म्हणून सांगतो. ड्रायव्हरने रस्त्याने जाणारी एक जीप थांबवून त्याला पुढे बसवून दिलं. तो पोचला का, नोकरी लागली का, हे त्याला कळलं नाही. पण आंब्याच्या त्या वळणावरून खाली तो धडधाकट उतरला, एवढं नक्की.